कुस्तीत कान सुजला, आत रक्त साचलं: पैलवान, बॉक्सर आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

नाशिकमध्ये कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून काम करताना तालमीतली मुलं सतत भेटतात. चैत्रापासून गावोगावच्या यात्रा आणि हगामे सुरू झाले की सुजलेले कान जास्त दिसायला लागतात. बहुतेक वेळा मुलगा येतो तेव्हा चार-पाच दिवस उलटून गेलेले असतात. म्हणून इथे मी मुख्यतः पहिल्या आठवड्याबद्दलच लिहिलं आहे, कारण कानाचा आकार राहणार की जाणार हे त्याच आठवड्यात ठरतं.

कुस्ती खेळताना कानाला नेमकं होतं काय?

कानाची पाळी सोडली तर बाहेर दिसणारा सगळा कान आतून कूर्चेचा, म्हणजे लवचीक मऊ हाडाचा असतो. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर दोन्ही बाजूंनी एक पातळ आवरण घट्ट चिकटलेलं असतं. त्या आवरणात रक्तवाहिन्या असतात आणि तिथूनच झिरपत कूर्चेला पोषण मिळतं.

पट काढायला मुलगा खाली शिरतो तेव्हा त्याचा कान समोरच्याच्या मांडीवर किंवा कमरेवर जोरात घासला जातो. मानेची झोंबी चालू असताना डोक्याला डोकं लागतं आणि कान मधे चुरगळतो. सरळ बसलेल्या फटक्यापेक्षा हा घासून ओढला जाणारा दाब जास्त घातक असतो. ओलीने भिंतीचा गिलावा सुटावा तसं ते आवरण कूर्चेपासून सुटतं, त्यातल्या बारीक वाहिन्या तुटतात आणि मधल्या फटीत रक्त भरतं. कानाच्या पुढच्या बाजूची त्वचा आवरणाला अगदी ताणून बसलेली असते आणि तिच्याखाली चरबीची गादी नसते, म्हणून फुगवटा बहुतेक वेळा पुढच्याच बाजूला दिसतो.

आता कूर्चा एका बाजूने उपाशी आहे, आणि सुटलेलं आवरण स्वस्थ बसत नाही. ते साचलेल्या रक्ताच्या जागी तंतू आणि नवी, वेडीवाकडी कूर्चा तयार करायला लागतं. पुढे कान गड्ड्यासारखा जाड आणि टणक होतो तो या नव्या कूर्चेमुळे.

साधी सूज आहे की आत रक्त साचलंय, हे घरी कसं ओळखायचं?

निरोगी कानाच्या वरच्या भागात कड, तिच्या आतली खोबण आणि मग दुसरा उंचवटा असे चढउतार स्पष्ट दिसतात. मार लागून कान नुसता लाल झाला असेल, दुखत असेल, पण हे चढउतार जसेच्या तसे असतील, तर बहुधा वरवरचा मुका मार आहे. चढउतार बुजून तिथे गुळगुळीत फुगा आला असेल, तर रक्त साचलं आहे असंच धरून चाला.

दुसरी खूण स्पर्शाची. बोटाने हलकं दाबलं की फुगा पाणी भरल्यासारखा दबतो आणि बाजूला सरकतो. रंग जांभळट असू शकतो, पण कधीकधी त्वचेसारखाच राहतो, त्यामुळे रंगावर विसंबू नका. दोन्ही कानांचे मोबाइलवर फोटो काढून शेजारी-शेजारी ठेवा, फरक लगेच कळतो. आधीच एक कान मोडलेला असेल तर जुना फोटो शोधा.

दुखण्यावरूनही अंदाज चुकतो. पहिल्या रात्री ठणकतं आणि मग बऱ्याच मुलांचं दुखणं कमी होतं. तेवढ्यावरून घरचे निर्धास्त होतात, आणि आत रक्त तसंच असतं.

आपल्या हातात किती वेळ असतो?

पहिले ४८ तास सर्वांत चांगले. या काळात रक्त बरंचसं पातळ असतं, पूर्ण निघू शकतं आणि आवरण पुन्हा कूर्चेला चिकटायला तयार असतं. त्यानंतर गुठळी घट्ट होत जाते. साधारण सात दिवसांपर्यंत छेद देऊन ती काढता येते आणि आकार बऱ्यापैकी वाचतो. सात-दहा दिवसांनी आत तंतूंचा थर धरलेला असतो, तेव्हा नुसतं रक्त काढून भागत नाही, तो थरही खरवडावा लागतो. हे काम कान-नाक-घशाच्या किंवा प्लास्टिक सर्जनने ऑपरेशन थिएटरमध्ये केलेलं बरं. दोन-तीन आठवड्यांनी फुगा टणक झाला की सुईला आत काढण्यासारखं काही उरत नाही.

मार शनिवारी संध्याकाळी लागला असेल तर सोमवारी सकाळच्या ओपीडीला आलात तरी पहिल्या ४८ तासांतच आहात. पण ‘हा हगामा होऊ दे, मग दाखवू’ असं ठरवलंत की ती मुदत गेली.

बर्फ, शेक, हळद-तुरटीचा लेप यांनी रक्त विरतं का?

साचलेलं रक्त यातल्या कशानेही निघत नाही. बर्फाचा उपयोग पहिल्या काही तासांत आहे. फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं हलका दाब देत धरला तर वाहिन्या आकसतात आणि आणखी रक्त साचणं कमी होतं. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत हे जरूर करा. गरम शेक आणि तेलाची मालीश मात्र नको, दोन्हींनी रक्तस्राव वाढतो. लेपाने त्वचा घाण होते आणि पुढे छेद देताना जंतुसंसर्गाची धास्ती वाढते.

दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या रक्त गोठण्याच्या क्रियेत थोडाफार अडथळा आणतात, म्हणून त्या टाळा. कोणी रक्त पातळ करणारं औषध घेत असेल किंवा घरात रक्त न थांबण्याचा आजार असेल, तर ते पहिल्यांदा सांगा.

तालमीत एक जण सुईने रक्त काढून देतो. ते का चालत नाही?

या प्रश्नाला मी ओरडून उत्तर देत नाही, कारण ते पोर किंवा वस्ताद वाईट हेतूने करत नसतात. आपलं पोर लवकर आखाड्यात उतरावं एवढंच त्यांना हवं असतं. पण अडचणी खऱ्या आहेत.

कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्यामुळे तिथे शिरलेले जंतू शरीराला लवकर आवरत नाहीत आणि औषधही तिथे जेमतेम पोहोचतं. सुई नवी असली तरी मातीने माखलेल्या त्वचेतून टोचली की जंतू थेट आत जातात. एकच सिरिंज दोघांना वापरली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही या सगळ्यांचा धोका येतो. शिवाय बारीक इन्सुलिनच्या सुईतून घट्ट रक्त येतच नाही. आम्ही त्यासाठी १८ नंबरची जाड सुई वापरतो.

सर्वांत मोठी अडचण मात्र सुई काढून घेतल्यानंतर सुरू होते.

एकदा रक्त काढलं होतं, तरी कान परत भरला. असं का?

कारण रक्त काढल्यावर आतली फट तशीच मोकळी राहते. आवरण कूर्चेपासून सुटलेलंच आहे, फाटलेल्या वाहिन्या अजून ओलसर आहेत, आणि मधे रिकामी जागा आहे. काही तासांत ती रक्ताने किंवा पिवळसर पाण्याने पुन्हा भरते. म्हणून रक्त काढणं हे निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे आवरण पुन्हा कूर्चेवर घट्ट बसवून ते चिकटेपर्यंत, साधारण आठवडाभर, तिथेच दाबून ठेवणं. नुसती पट्टी गुंडाळून हे बहुतेक वेळा साधत नाही, कारण कानाच्या वळणांत सपाट पट्टीचा दाब पोहोचत नाही.

एक उदाहरण सांगतो, मुलाची ओळख पटेल असे तपशील बदलून. सतरा वर्षांचा मुलगा, मातीत आणि मॅटवर दोन्हीकडे खेळणारा. शनिवारी संध्याकाळी दुहेरी पट काढताना उजवा कान समोरच्याच्या कमरेला घासला. रात्री सूज आली. रविवारी बर्फ आणि लेप झाला. सोमवारी ओळखीच्या एकाने सिरिंजने रक्त काढलं, कान एकदम सपाट झाला, सगळे खूश. मंगळवारी सकाळी पोरगा लढतीला उतरला. त्या रात्री कान आधीपेक्षा जास्त फुगला. बुधवारी पुन्हा सुई घातली, तेव्हा जेमतेम काही थेंब आले. गुरुवारी वडील त्याला घेऊन आले.

मार लागून पाचवा दिवस होता. कानाच्या वरच्या खोबणीपासून कानाच्या वाटीपर्यंत सुमारे तीन सेंटिमीटरचा फुगा होता, मधे मऊ आणि वरच्या टोकाला जरासा घट्ट. कान बधिर करून कडेच्या आतल्या वळणात छोटा छेद दिला. काळ्या गुठळ्या निघाल्या, आणि वरच्या टोकाला कूर्चेला चिकटलेला जेलीसारखा थर मिळाला. तोही खरवडून काढावा लागला. मग सलाइनने धुऊन, पुढे-मागे दाबाचे रोल ठेवून टाक्यांनी बांधले. शुक्रवारी तपासलं, फट भरलेली नव्हती. पुढच्या गुरुवारी रोल काढले. वाटीचा आणि मधला भाग पूर्ववत झाला. वरच्या टोकाला बोटाला लागणारी एक जाड कड राहिली, अगदी जिथे तो थर धरला होता तिथेच. सोमवारी सुई घातली तेव्हाच रोल बांधले असते तर ती कड बहुधा राहिली नसती.

डॉक्टर नेमकं काय करतात? फार दुखतं का?

भूल सहसा फक्त कानापुरती असते. कानाच्या बुडाशी, पुढे आणि मागे लिग्नोकेनची इंजेक्शनं देऊन तिथल्या संवेदना थांबवतात. ती टोचणी जाणवते, त्यानंतर दाब आणि ओढ जाणवते पण दुखत नाही. अगदी लहान मूल असेल तर पूर्ण भूल द्यावी लागू शकते.

फुगा लहान, दोन सेंटिमीटरच्या आतला आणि दोन दिवसांच्या आतला असेल तर जाड सुईने रक्त ओढून घेता येतं. मोठा किंवा जुना असेल, किंवा एकदा परत भरलेला असेल, तर छेद. छेद कानाच्या नैसर्गिक वळणात घेतल्यामुळे व्रण नंतर फारसा दिसत नाही. गुठळ्या काढून, आत सलाइन मारून पोकळी स्वच्छ करतात.

मग दाबाची व्यवस्था. दातांचे डॉक्टर वापरतात तसे कापसाचे छोटे रोल कानाच्या पुढे आणि मागे ठेवून, आरपार जाणाऱ्या नायलॉनच्या टाक्यांनी ते एकमेकांकडे ओढून बांधतात. काही जण रोलऐवजी विरघळणाऱ्या धाग्याने गोधडीसारखे आरपार टाके घालतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. तुम्ही निघण्यापूर्वी एवढंच विचारा: ‘पुन्हा भरू नये म्हणून काय बांधलंय?’ उत्तर नुसती पट्टी असेल, तर दुसऱ्या दिवशी तपासणीला नक्की जा.

धनुर्वाताचं इंजेक्शन बाकी असेल तर तेही देतात. प्रतिजैविक कोणतं आणि किती दिवस हे डॉक्टर ठरवतील. मित्राची उरलेली गोळी घेऊ नका.

ऑनलाइन मिळणारे मॅग्नेट कानाला लावले तर?

रक्त आत असताना मॅग्नेट लावून ते बाहेर येत नाही. आणि दाब किती पडतोय यावर आपला ताबा नसतो. जास्त दाबाने त्वचेचा रक्तपुरवठा थांबून ती काळी पडू शकते. मी देत नाही.

रोल किती दिवस ठेवायचे? अंघोळ, झोप यांचं काय?

साधारण सात दिवस. पहिली तपासणी २४ तासांनी, कारण परत भरायचं असेल तर बहुधा तेव्हाच कळतं, आणि कळलं की लगेच मोकळं करता येतं. या काळात कान कोरडा ठेवा, डोक्यावरून पाणी घेऊ नका. झोपताना दुसऱ्या कुशीवर झोपा आणि उशी जरा उंच घ्या. पहिले दोन-तीन दिवस जोर, बैठका आणि वजनं बंद. दम कोंडला की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि बंद झालेली वाहिनी पुन्हा सुटू शकते. त्यानंतर चालणं, हलकं पळणं चालेल.

टाके बसलेला कान घेऊन हौद्यात उतरू नका. तिथली माती ताक, तेल, हळद घालून कितीही प्रेमाने केलेली असली तरी उघड्या जखमेसाठी ती मातीच आहे.

पुन्हा लढत कधी करायची? दहा दिवसांवर कुस्ती ठरलीय.

रोल निघाल्यानंतर आणखी एक आठवडा अंगलट नको, म्हणजे उपचारापासून एकूण दोन आठवडे. त्यानंतर हेडगार्ड लावून सुरुवात. आवरण चिकटलेलं असतं पण कच्चं असतं, आणि दुसऱ्यांदा सुटलं तर पहिल्यापेक्षा सहज सुटतं. रोल बांधून, वर हेडगार्ड घालून मॅटवर उतरणारे खेळाडू आहेत आणि काही डॉक्टर त्याला परवानगीही देतात. माझा अनुभव असा की कुस्तीत रोल सरकतात, टाके त्वचा कापतात आणि कान परत भरतो, म्हणून मी ती देत नाही.

तरीही कोणी खेळणारच असेल तर निदान हे समजून खेळावं की त्या कुस्तीची किंमत कानाचा आकार असू शकते. वयात आलेल्या पैलवानाने तो निर्णय स्वतः घ्यावा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरासाठी तो निर्णय वस्तादांनी किंवा वडिलांनी परस्पर घेऊ नये.

कोणत्या लक्षणांना लगेच यायचं, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता?

कान लालबुंद आणि गरम झाला, ठणका वाढतच चालला, ताप आला किंवा पू दिसला तर लगेच या. हा कूर्चेच्या आवरणाचा जंतुसंसर्ग असतो. त्याची एक चांगली खूण म्हणजे सगळा कान लाल, पण खालची पाळी नेहमीसारखी, कारण पाळीत कूर्चा नसते. स्यूडोमोनास नावाचे जंतू इथे बरेचदा सापडतात आणि नेहमीच्या साध्या प्रतिजैविकांना ते दाद देत नाहीत. हा संसर्ग रेंगाळला तर कूर्चा विरघळते आणि कान अक्षरशः कोसळतो. रक्ताने मोडलेल्या कानापेक्षा तो दुरुस्त करायला कठीण.

मार लागल्यानंतर बेशुद्धी, उलट्या, कानाच्या भोकातून रक्त किंवा स्वच्छ पाणी, कानामागे निळसर डाग, यांतलं काहीही असेल तर तो डोक्याचा मार समजा. आधी अपघात विभाग, फुगा नंतर.

नाशिकमध्ये कुठे दाखवायचं?

कोणताही कान-नाक-घशाचा डॉक्टर हे काम करू शकतो. त्र्यंबक नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय किंवा आडगावचं डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेज इथेही जाता येईल. घोटी-इगतपुरीकडच्या मुलांना धामणगावचं एसएमबीटी जवळ पडतं. केस पेपर काढताना ‘कान दुखतो’ एवढंच सांगू नका. ‘कुस्तीत मार लागून कानात रक्त साचलंय, अमुक दिवशी लागलं’ असं सांगा, म्हणजे तुम्हाला थांबवून ठेवण्याची शक्यता कमी होते.

बॉक्सिंगमध्येही असंच होतं का?

होतं, पण बॉक्सरच्या बाबतीत मी आणखी एक गोष्ट तपासतो. कानावर बसलेल्या हुकने हवा एकदम आत दाबली जाऊन पडदा फाटू शकतो. कान बंद झाल्यासारखा वाटतो, शिट्टी वाजते, ऐकू कमी येतं. अशा वेळी कानात तेल किंवा थेंब टाकू नका, पाणी जाऊ देऊ नका. एलिट पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमध्ये २०१३ पासून हेडगार्ड काढून टाकलं गेलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याशिवायच लढले. सरावातल्या स्पारिंगला मात्र ते घालायला कोणाची आडकाठी नाही.

हेडगार्डने खरंच फरक पडतो का?

पडतो, पण पूर्ण संरक्षण नाही. कुस्तीचं हेडगार्ड कानावर कपासारखं बसतं आणि घासणारा दाब स्वतःवर घेतं. ढिलं असेल तर तेच सरकून कान चुरगळतं. हनुवटीखालचा पट्टा आवळल्यावर डोकं जोरात हलवा, कप कानावरून हलला नाही पाहिजे. कान बहुतेक वेळा सरावात मोडतो, कारण लढती तिथेच जास्त होतात. त्यामुळे स्पर्धेत घातलं नाही तरी सरावात घाला. मुलं म्हणतात ऐकू कमी येतं आणि घाम येतो. दोन्ही खरं आहे, आणि आठवड्याभरात सवय होते.

मोडलेला कान ही तर पैलवानाची खूण आहे. मग वाचवायचा कशाला?

या अभिमानाबद्दल मला आदर आहे, आणि ज्याने वर्षानुवर्षं मातीत घाम गाळलाय त्याचा कान बघून मला कधी वाईट वाटलेलं नाही. मात्र मुद्दाम कान घासून मोडून घेणारी शाळकरी पोरं मी बघितली आहेत, आणि त्यांना मी थांबवतो. गड्डा कानाच्या वाटीत वाढला तर भोक अरुंद होतं, मळ अडकतो, वारंवार संसर्ग होतो आणि ऐकू कमी येऊ शकतं. इअरफोन बसत नाही. म्हातारपणी श्रवणयंत्र लागलं तर त्याचा साचा बसवणंही अवघड जातं. एकदा तयार झालेली ही कूर्चा आपोआप विरत नाही.

माझा कान दहा वर्षांपूर्वी मोडलाय. आता काही होईल का?

शस्त्रक्रियेने जास्तीची कूर्चा कापून, तासून आकार सुधारता येतो. त्वचा उचलून आतला गड्डा पातळ करायचा आणि पुन्हा आठवडाभर दाब देऊन त्वचा बसवायची, अशी साधारण पद्धत आहे. कान सुधारतो, पण मूळचे सगळे बारीक चढउतार परत येतील असं मी कोणाला सांगत नाही. खेळ चालू असेल तर ही शस्त्रक्रिया करू नका, पहिल्याच महिन्यात पुन्हा रक्त साचेल. भोक अरुंद होऊन त्रास होत असेल तर तेवढं रुंद करण्याचं काम मात्र आधीही करता येतं, आणि तोपर्यंत मळ काढून घ्यायला डॉक्टरकडे यावं. काडी, पिन किंवा इअरबड आत घालू नये.